थोरल्या भावाची जखम

लोणारात त्या काळी महारोगाचा निकाल हज्जाम द्यायचा. गावात वैद्य होते, हकीम होते, मेहकरला सरकारी दवाखानाही होता. पण वैद्याकडे माणूस वाटलं तर जातो, हज्जाम मात्र आठ-पंधरा दिवसांनी दारात येतोच. तो हनुवटी धरून मान उजेडाकडे वळवतो, बोटांनी गाल ताणतो. त्याच्यापासून काय लपणार? एखाद्या दिवशी त्यानं वस्तरा न चालवताच पुसला, पेटीत ठेवला आणि ‘पुढच्या खेपेले पाहू’ म्हणत उठला, की घरातल्यांना काय ते कळायचं. ‘वस्तरा ठेवला’ एवढी बातमी पाणवठ्यावर पोचली की त्या माणसाचं गावातलं पाणी तुटलं. वर दाद मागायची सोय नाही. साहेबाच्या कचेरीत गाईच्या मालकीचा खटला तीन वर्षं चालायचा आणि इथं माणसाचा जन्म एका सकाळीत निकालात निघायचा.

कडूबाच्या घरी हा निकाल एकदा लागून गेला होता. तेव्हा कडूबा जवान होता. थोरला भाऊ पुंजाजी त्याच्याहून बारा-तेरा वर्षांनी मोठा. दोघंही तळ्यातली खार, म्हणजे पापडखार, काढायचे. लोणारचं तळं म्हणजे मोठ्या खोल वाडग्याच्या तळाशी साचलेलं खारट, हिरवट पाणी. उन्हाळ्यात ते मागं सरकलं की काठाचा चिखल पांढराफटक पडतो. गुडघाभर घाणेरड्या वासाच्या गाळात उतरायचं, खारीच्या वड्या हातानं चाचपून वर काढायच्या, काठावर वाळत घालायच्या, असं ते काम. वरून ऊन, खालून पांढऱ्या खारीची झळ. बाकीचे मजूर उन्हानं काळेठिक्कर पडत. हे दोघे भाऊ घाऱ्या डोळ्यांचे, गोऱ्या कातडीचे. ते काळे होतच नसत, नुसते लाल होत आणि सोलवटत. गाव त्यांना ‘घारे’ म्हणूनच ओळखायचं.

पुंजाजीच्या नाकपुडीशेजारी एक पुटकुळी आली. फुटली, खपली धरली, खपली पडली, पुन्हा रक्त आलं. असं वर्ष-दोन वर्षं चाललं. मग एका सकाळी त्या वेळच्या हज्जामानं वस्तरा ठेवला. महिन्याभरात पुंजाजीला तळ्याच्या पलीकडच्या काठावर, बाभळीच्या रानात झोपडी बांधून दिली. वर गावात यायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. त्याची बायको झुंबरबाई तेव्हा विशी-बाविशीची असेल. तिला माहेरची माणसं न्यायला आली होती. ती गेली नाही. सासूनं देवासमोर हळदकुंकवावर हात ठेवून तिच्याकडून वदवून घेतलं, की मी तळ्याचा उतार उतरणार नाही. तिनंही तो शब्द पाळला. रोज भाकर तिनं थापायची आणि कडूबानं खाली नेऊन एका काळ्या दगडावर ठेवायची. ‘दादा, भाकर!’ अशी हाक मारायची आणि मागं न बघता निघायचं.

अशी अकरा वर्षं गेली. कडूबानं मागं वळून पाहिलं ते एकदाच. पुंजाजी भाकर घ्यायला आला होता. नाकाची एक बाजू नव्हती, त्या बाजूचा डोळा उघडाच राहिला होता, आणि त्या उघड्या डोळ्यानं तो धाकट्या भावाकडे बघत होता. कडूबा त्या दिवशी उतार चढून वर आला तो तापानंच. पुढं पुंजाजी त्याच दगडाशेजारी मेलेला सापडला. कडूबानं आणि दोन मजुरांनी लांब काठ्यांनी ओढून त्याला तिथंच पुरला. झुंबरबाईनं बांगड्या फोडल्या त्या वर, उताराच्या तोंडाशी उभं राहून. खाली काय आहे ते तिनं तेव्हाही पाहिलं नाही.

म्हातारी सासू जाईपर्यंत एकच गोष्ट सांगायची. तळ्यात देवानं लवणासुराला मारला, त्याचं मांस विरघळलं, तीच ही खार. दैत्याचं मांस उपसून विकतो त्याचं मांस दैत्य परत घेतो. ऐकणारे माना डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खार काढायला उतरायचे. पोटापुढं दैत्याचं काय चालतं!

आता कडूबा साठीला टेकला होता. त्याची बायको रुखमाबाई मागेच गेली, दोन्ही मुली दूर सासरी. घरात तो आणि त्याची वहिनी झुंबरबाई, दोघंच. आईसारखी तिनं त्याची चूल सांभाळली होती. दोघांमध्ये बोलणं बेताचंच. पुंजाजीचं नाव तर त्या घरात कित्येक वर्षांत निघालं नव्हतं. पण तो गेलाही नव्हता. खारीवर पाऊल पडलं की पापडासारखा कुरकुर आवाज होतो. कडूबा काठावर एकटा चालताना तो आवाज दोनदा येई, एक त्याच्या पावलाचा आणि एक मागून येणाऱ्याचा. कडूबा थांबला की तोही थांबे. आणि दुपारी सगळं तळं गपगार झालं की पलीकडच्या बाभळीतून हाक यायची, ‘कडू, भाकर आनली का बे?’ सोबतच्या मजुरांना ती ऐकू येत नसे. कडूबा मग उगाच मोठमोठ्यानं खोकायचा.

अशा माणसाच्या डाव्या डोळ्याखाली, नाकाच्या बाजूला, मसुराएवढी पुटकुळी आली. तिच्या मधोमध खळगा पडला. खपली धरली, पडली, पुन्हा रक्त आलं.

कडूबानं कुणाला सांगितलं नाही. खारीतल्या माणसाला खारीशिवाय दुसरं औषध सुचत नाही. हातापायाच्या चिरा, गुरांच्या जखमा, सगळ्यावर तीच. त्यानं चांगली वाळलेली खार कुटून चिमूटभर जखमेवर दाबली. डोळ्यांसमोर काजवे चमकले, पण दोन दिवसांनी जखम सुकली, वर काळी टणक खपली धरली. ‘बरं झालं,’ तो मनाशी म्हणाला. महिना झाला, खपली निघाली आणि खाली खळगा आधीपेक्षा मोठा. पुन्हा खार, पुन्हा खपली, पुन्हा ‘बरं झालं’. असं दोन उन्हाळे तो बरा होत राहिला. वरचं जळत होतं आणि खालचं आपलं पसरत होतं, हे त्याला कोण सांगणार? कडेला एक बारीकशी गुळगुळीत, चकाकणारी, बांधासारखी वरवंडी उठली होती, तिच्यात काळसर ठिपके. दुखत तर काहीच नव्हतं. दुखत नाही याचीच त्याला जास्त भीती वाटे. महारोग दुखत नाही, हे त्यानं ऐकलेलं होतं.

आणि मग त्यानं हळूहळू स्वतःला घरातून वेगळं काढायला सुरुवात केली. आधी तांब्या वेगळा ठेवला, मग घोंगडी. जेवायला ओसरीच्या टोकाला जाऊन, भिंतीकडे तोंड करून बसायचा. झुंबरबाई बघत होती. एके दिवशी ताट पुढं सरकवताना ती म्हणाली, “भाऊजी, तोंड दाखवा बरं.”

“काई नाही वयनी. खार उडाली.”

“दोन सालापासून एकच खार उडून राह्यली का?”

कडूबानं ताट उचललं आणि आणखी चार हात लांब जाऊन बसला. झुंबरबाईनं पुढं काही विचारलं नाही.  अशी एक खपली तिनं पूर्वी पाहिलेली होती, याच घरात, आपल्या नवऱ्याच्या तोंडावर.

दुसऱ्याच दिवसापासून कडूबा खार काढून झाली की पलीकडच्या काठाला जाऊ लागला. पुंजाजीच्या झोपडीचे चार मेढे अजून उभे होते. त्यानं भोवतालची काटेरी झुडपं तोडली, पऱ्हाट्या आणि गवत रचून कूड उभा केला. कुणी हाकलायच्या आधी आपण जावं, म्हणजे वहिनीला पुन्हा तो दिवस बघायला नको, एवढाच त्याचा हिशेब. काम करताना मागून कुरकुर आवाज यायचा, पण आता तो दचकेनासा झाला. ‘येतो न बा, येऊनच राह्यलो,’ असं तो मागं न बघता म्हणायचा. भीती वाटत होती ती एकाच गोष्टीची. हज्जाम यायचा दिवस जवळ आला होता.

आताचा हज्जाम फकीर मोहम्मद. ज्यानं पुंजाजीचा वस्तरा ठेवला तो याचा बाप. फकीर मोहम्मद कडूबाच्याच बरोबरीचा. दाढी करताना अखंड बडबडणारा, पण पोटातली गोष्ट पोटात ठेवणारा. टणक खपली असायची तोवर कडूबा ‘खार लागली’ म्हणून निभावून न्यायचा, गेल्या दोन-तीन खेपांना मात्र तो दारातूनच ‘ताप हाय’ म्हणून त्याला परत पाठवत होता. या खेपेला फकीर मोहम्मदनं पेटी ओसरीवर ठेवली आणि सरळ त्याची हनुवटी धरली.

“ताप गालाले आला का बे तुह्या?”

कडूबानं डोळे मिटले. “पाह्यलं न आता? ठेव वस्तरा.”

 फकीर मोहम्मदनं जखमेच्या कडेला बोट लावलं तर रक्ताचा थेंब आला. त्यानं फडक्यानं तो टिपला, साबण फेसला आणि जखम सोडून बाकीची दाढी सुरू केली. 

“काय करून राह्यला फकीरभाई? ठेव म्हनतो न!”

“हलू नको, कापलं जाईल. माह्या अब्बानं ठेवला, तो त्याच्या जागी. मी त्या बीमारीच्या मानसायले पाह्यलं हाय मेहकरच्या बाजारात. भुवया झडतात त्यायच्या, कानाच्या पाळ्या जाड होतात. तुह्या भुवया तर मले कैचीनं कापा लागतात.”

“मंग हे काय हाय?”

“मले काय ठाऊक? मी हज्जाम हाय, दाढी करतो. ज्याले ठाऊक हाय त्याच्याकडं जाऊ. बुलढान्याले मोठा डागदर हाय.”

“अन् त्यानं सांगतलं महारोगच हाय म्हनून?”

फकीर मोहम्मदनं वस्तरा पुसला. “तर मंग झोपडी बांधतच हायेस तू. मले दिसत नाही का वरून?”

आत झुंबरबाई चुलीपुढं बसलेली होती. तिनं सगळं ऐकलं. ती बाहेर आली आणि गाठोड्यात बांधलेल्या भाकरी तिनं फकीर मोहम्मदच्या पेटीशेजारी ठेवल्या. म्हणजे तिनं त्या आधीच बांधून ठेवल्या होत्या. तिनं हज्जामाला एकच गोष्ट सांगितली, “फकीरभाई, यायले वापस घेऊन या.”

मेहकरपर्यंत बैलगाडी, पुढं मोटार. कडूबानं तोंडाला फडकं गुंडाळलं होतं, जणू चोरीचा माल. मोटारीत शेजारच्या माणसाचा दंड लागला की तो आक्रसून बसायचा. बुलढाण्याची हवा थंड, झाडं मोठाली. दवाखान्याच्या ओट्यावर बसताना त्याला सारखं वाटत होतं की समोरच्या लिंबाखाली कुणीतरी उभं आहे आणि एका उघड्या डोळ्यानं आपल्याकडं बघतंय. तो फकीर मोहम्मदला म्हणाला, “तो बी आला हाय.” फकीर मोहम्मदनं कोण म्हणून विचारलं नाही. नुसता जरा जवळ सरकून बसला.

डॉक्टर भगवंतराव पन्नाशीचे, बोलायला तुटक, हातानं मात्र अतिशय हलके. त्यांनी कडूबाला खिडकीशी बसवलं, जखमेची खपली भिजवून सोडवली आणि भिंग लावून बघितलं. जखमेजवळची कातडी दोन बोटांनी ताणली तशी कडेची वरवंडी मोत्यासारखी चकाकली. तिच्यावरून लाल, केसाएवढ्या शिरा गेल्या होत्या.

“किती दिवस आहे?”

“दोन-अडीच साल झाले असतील, साहेब.”

“काय लावत होता?”

“खार.”

भगवंतराव रागावले नाहीत. त्यांनी कडूबाला डोळे मिटायला सांगितले. कापसाची वात करून गालाला, कपाळाला, हातापायांना लावली आणि कुठं लागलं ते बोटानं दाखवायला सांगितलं. मग टाचणी टोचून बघितली. प्रत्येक वेळी कडूबाचं बोट बरोबर जागी गेलं. कोपरामागची शीर चाचपली, मानेची चाचपली, त्या जाड नव्हत्या. शेवटी कानाच्या पाळीला बारीक छेद देऊन तिथला रस काचेवर घेतला आणि आत गेले. बराच वेळ लागला. बाहेर आले तेव्हा हात पुसत होते.

“महारोग नाही तुम्हाला.”

 फकीर मोहम्मदनं ‘या अल्ला’ म्हणून जमिनीवर बसकण मारली.

“ऐका नीट,” भगवंतराव म्हणाले. “नाही म्हटलं म्हणून नाचू नका. मला वाटतं हा कातडीचा कर्करोग आहे, कॅन्सर म्हणतात तो. पण त्यातला संथ. उंदीर कणगी कुरतडतो तसा हा जागच्या जागी कुरतडतो. अंगात दुसरीकडे सहसा पसरत नाही, पण सोडला तर थांबतही नाही. नाक खातो, पापणी खातो, डोळा नेतो, हाडात शिरतो. जन्मभर उन्हात राबणाऱ्या गोऱ्या माणसाला जास्त होतो. तुमचा अजून वरवर आहे. भोवतालच्या थोड्या चांगल्या कातडीसकट कापून काढू. तुकडा नागपूरला तपासायला पाठवू, म्हणजे पक्कं कळेल. वेळेवर आलात.”

“दुसऱ्याले लागते का साहेब हे?”

“नाही.”

“एका ताटात जेवलं तर?”

“नाही म्हटलं ना. ताटातून नाही, कपड्यातून नाही, एका अंथरुणावर झोपलात तरी नाही.”

वास्तविक इथं कडूबानं हात जोडायचे, आणि दुसऱ्या कुणी ते जोडलेही असते. पण त्याचा चेहरा आणखीच उतरला.  तो म्हणाला, “साहेब, माह्या भावाले असंच होतं. इथं, नाकापाशी. नाक गेलं, पापनी गेली. आम्ही त्याले…”  फकीर मोहम्मदनं खाली मान घालून उरलेलं सांगितलं, आपल्या बापाच्या वस्तऱ्यासकट.

 भगवंतरावांनी हळूच विचारलं, “हातापायाची बोटं झडली होती?”

“नाही.”

“बोटं वाकडी झाली होती? हात बधिर? चटका बसलेला कळायचा नाही, असं काही?”

कडूबाला दिसायला लागलं. पुंजाजी शिंदीच्या पानांचे झाडू वळायचा. बारीक, घट्ट, एकसारखे. भाकरीच्या दगडावर तो ते ठेवून द्यायचा, घरी नेतील म्हणून. आई ते काठीनं उचलून जाळायची. शेवटच्या वर्षीच्या झाडूचीही वीण तशीच घट्ट होती. आणि एकदा पलीकडून ओरडून त्यानं सांगितलं होतं, कडू, पायात काटा मोडला, लय ठनकून राह्यला, चिमटा ठेवजो.

“काटा ठनके त्याले,” कडूबा म्हणाला.

“न पाहिलेल्या माणसाचं मी काही सांगू शकत नाही,” भगवंतराव म्हणाले. “मेलेल्याचं निदान करायचं नसतं.” ते उठले, खिडकीपाशी जाऊन उभे राहिले आणि पाठमोऱ्यानंच बोलले, “पण तुम्ही सांगता ते महारोगासारखं नाही वाटत.”

दुसऱ्या दिवशी सकाळी कापायचं ठरलं. आणि कडूबा हटून बसला, कापायचं नाही! फकीर मोहम्मदनं समजावलं, शिव्या दिल्या, हात जोडले. कडूबाचं एकच, “त्याचं सगळं तोंड खाऊ देलं आमी. मी काऊन वाचू?” समोरच्या लिंबाखालचा आता जवळ आला होता, ओट्याच्या पायरीशी. कडूबाला त्याचा श्वास ऐकू येत होता. भीती वाटायची तेव्हा निदान पळता येत होतं. आता तो भीती दाखवत नव्हता, नुसता बसून होता, आणि त्याच्यापासून कुठं पळणार?

फकीर मोहम्मद शेवटी थकला. तो म्हणाला, “हे पाह्य. माह्या अब्बानं एका मानसाले तळ्यात घातलं. तू नाही म्हनशील तर मी दुसऱ्याले घातल्यावानी होईल. अन् तुह्या वयनीले मी काय सांगू? तिनं वापस आनाले सांगतलं हाय.”

या शेवटच्या वाक्यावर कडूबा उठला. डाव्या गालात बधिर करायची सुई टोचली तेवढीच दुखली. मग नुसतं ओढल्यासारखं, दाबल्यासारखं वाटत राहिलं, कैचीचे आवाज येत राहिले. एकदा काहीतरी टिक्कन ताटलीत पडलं. भगवंतरावांनी शेजारची कातडी सैल करून सरकवली, टाके घातले, पट्टी बांधली. टाके निघेपर्यंत कडूबा तिथंच राहिला, फकीर मोहम्मदही. पापणी जराशी खाली ओढली गेली होती, पण डोळा मिटत होता. “वर्षातून दोनदा दाखवायला यायचं,” भगवंतरावांनी बजावलं. “पुन्हा येऊ शकतो. नवीनही येऊ शकतो. आणि उन्हात मोठं पागोटं, कळलं? खार पापडात घाला.”

परतीच्या वाटेवर मोटारीत दोघे म्हातारे शेजारी बसले होते. तोंडाला फडकं नव्हतं, तरी कडूबा कुणाकडं बघत नव्हता. मेहकरला उतरून बैलगाडीत बसल्यावर फकीर मोहम्मद म्हणाला, “घरी सांगू नको तिले. पुंजाजीचं. कायले सांगतो? गेला तो गेला. म्हातारीच्या जिवाले घोर.”

“हाव,” कडूबा म्हणाला.

आणि त्यानं खरोखरच ठरवलं होतं. पण घरी पोचला तर ओसरीच्या टोकाला, त्याच्या जागी, त्याचा वेगळा तांब्या आणि वेगळं ताट नव्हतं. झुंबरबाईनं ते आत नेऊन आपल्या ताटाशेजारी मांडलं होतं. डॉक्टर काय म्हणाला हे तिला अजून कुणी सांगितलेलं नव्हतं. महारोग असता तरी तिनं ते ताट बाहेर काढलं नसतं, एवढं त्यातून सरळ दिसत होतं. एकदा ती सासूच्या शब्दात राहिली होती, आता ती कुणाच्या शब्दात राहणार नव्हती.

हे पाहिल्यावर कडूबाला खोटं बोलवेना. तो चुलीजवळ बसला, आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. महारोग नाही. कुणाला लागत नाही. कापला की निघतो. मग थांबला. मग म्हणाला, “दादाले बी हेच असंन, वयनी. डागदर पक्कं नाही म्हनत. पन दादाले बी हेच असंन.”

झुंबरबाई पिठाच्या परातीत हात तसाच ठेवून बसली. ती रडली नाही. कडूबाला वाटलं, आता ही आपल्याला शिव्या देईल, आईला देईल, फकीर मोहम्मदच्या बापाला देईल, आणि ते बरं होईल. तिनं पट्टीकडं बघितलं, डोळ्याकडं बघितलं. उजव्या बाजूनं बघितलं, मग डाव्या बाजूनं. तिच्या नवऱ्याचा चेहरा अकरा वर्षांत कसा झाला होता ते तिनं कधी पाहिलं नव्हतं. आता तो कसा राहिला असता, ते ती पाहत होती.

“दुखलं का?” तिनं विचारलं.

“नाही. सुई तेवढी.”

“किती वेळ लागला?”

कडूबाला हाच प्रश्न नको होता. त्यानं मान खाली घातली. “लय नाही.”

“लय नाही म्हंजे किती?”

“अर्धा घंटा लागला असंन.”

“अर्धा घंटा,” झुंबरबाई म्हणाली. ती उठली, पिठाचे हात तिनं धुतलेही नाहीत, आणि दारातून बाहेर पडून भर दुपारच्या उन्हात तळ्याच्या उताराची वाट उतरू लागली.